कारण, घटना, परिणाम आणि मधली रिकामी वर्षे

माझी भाची आठवीत आहे. सहामाहीच्या आधी तिने इतिहासाची वही माझ्यासमोर ठेवली आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीवरचा पाठ तेवढा घेशील का, असे विचारले. वहीत अक्षर सुरेख होते, सनावळ्या लाल शाईने अधोरेखित केलेल्या होत्या आणि सरावाच्या प्रश्नांपैकी एकाला पैकीच्या पैकी गुण मिळालेले होते. प्रश्न होता, राज्य पुनर्रचना आयोग का नेमण्यात आला? उत्तर होते, भाषावार प्रांतरचनेच्या मागणीने जोर धरल्यामुळे केंद्र सरकारने न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या उत्तरात एकही शब्द चुकीचा नाही, आणि तरीही रात्री निजताना ते माझ्या मनात सलत राहिले. मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव बेळगावच्या साहित्य संमेलनात १९४६ च्या मे महिन्यात झाला, आयोग नेमला गेला १९५३ च्या डिसेंबरच्या अखेरीस. मागणी हेच जर कारण असेल, तर ते कारण सात वर्षे काय करत होते?

माझ्या शाळेच्या दिवसांत ‘कारणे द्या’ हा प्रश्न दोन-दोन गुणांचा असे आणि गाईडमध्ये त्याची उत्तरे तीन-तीन ओळींत छापलेली असत. त्या ओळी आम्ही चालीवर पाठ करत असू. त्यांतली कारणे अशी असत की ती कोणत्याही वर्षाला लागू पडावीत. असंतोष वाढला होता, जनतेत जागृती झाली होती, सरकारचे धोरण अन्यायाचे होते. असंतोष वाढलेलाच असतो, पण एखाद्या विशिष्ट मंगळवारी किंवा विशिष्ट महिन्यात काहीतरी घडते, त्यामागे त्या असंतोषाखेरीज आणखी काहीतरी असते. उजळणीचा तक्ता करायचा असेल तर कारणाच्या रकान्याने ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देऊन भागत नाही, त्याने ‘तेव्हाच का’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी फुलस्केप कागद आडवे ठेवून बसलो.

सुरुवात आम्ही मधल्या रकान्यापासून केली. कालावधी, कारण, घटना, परिणाम असे चार रकाने पट्टीने आखले आणि प्रथम केवळ घटनाच लिहिल्या. घटना कशाला म्हणायचे याचा नियम सोपा ठेवला, कोणीतरी काहीतरी केले आणि त्याला दिवस किंवा निदान महिना आहे, तीच घटना. ‘संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला पाठिंबा वाढला’ ही घटना नव्हे, तिला पेन्सिलीने बाजूला ठेवायचे आणि नंतर ती कारणात जाते का परिणामात ते पाहायचे. या एका चाळणीने पाठातली निम्मी वाक्ये गळून पडतात आणि उरतात ती अशी की ज्यांच्या भोवती बाकीचे बांधता येते. १९४६ चे बेळगाव संमेलन, ज्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते. १९४८ चा दार आयोग. त्याच वर्षाच्या शेवटी नेमलेली जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभि यांची जेव्हीपी समिती. १९५३ चा नागपूर करार, मग राज्य पुनर्रचना आयोग, १९५५ चा त्याचा अहवाल, २१ नोव्हेंबर १९५५ चा गोळीबार, १६ जानेवारी १९५६ ची नेहरूंची घोषणा, ६ फेब्रुवारी १९५६ ची संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना, १ नोव्हेंबर १९५६ चे द्वैभाषिक राज्य, १९५७ च्या निवडणुका आणि १ मे १९६०.

त्यानंतर कारणांकडे न वळता आम्ही परिणामांचा रकाना भरला, कारण परिणाम बहुधा पाठातच दिलेले असतात. दार आयोगाचा परिणाम असा की भाषेच्या आधारे प्रांत पाडणे देशहिताचे नाही, असे मत त्याने दिले. जेव्हीपी समितीने १९४९ च्या एप्रिलमध्ये तोच सूर लावला. फाळणीच्या जखमा ताज्या असताना देशाचे ऐक्य आधी, भाषा नंतर, आणि मुंबई तर महाराष्ट्रात नकोच. हे दोन परिणाम लिहून झाल्यावर मी तिला एकच काम सांगितले. प्रत्येक परिणाम खालच्या कोणत्या ओळीचे कारण झाला आहे ते शोध आणि तेथवर बाण काढ. जो परिणाम कोणाचेच कारण होत नाही, तेथे एक तर गोष्ट खरोखर संपलेली असते, नाही तर आपल्या तक्त्यातून मधली एक ओळ गळालेली असते.

जेव्हीपी समितीपासून निघालेला बाण कोठेच पोहोचेना.

समितीचा निष्कर्ष नकाराचा होता. नकारातून आयोग कसा निघेल? १९४९ आणि १९५३ यांच्यामध्ये कागदावर कोरी जागा उरली होती आणि भाचीने ती पाहून स्वतःच विचारले, “मावशी, सरकारचे मन मध्येच का बदलले?” आदल्या रात्री मला जे सलत होते ते हेच. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या बाहेर आहे, म्हणून महाराष्ट्रावरच्या पाठाच्या नोंदींत ते सहज निसटते. १९ ऑक्टोबर १९५२ रोजी मद्रासमध्ये पोट्टी श्रीरामुलू यांनी तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी उपोषण सुरू केले आणि १५ डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. आंध्र भागात उसळलेला क्षोभ इतका तीव्र होता की काही दिवसांतच नेहरूंना आंध्र राज्याची घोषणा करावी लागली, आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी ते राज्य अस्तित्वात आले. एका भाषेला राज्य दिल्यावर इतरांना कोणत्या तत्त्वावर नाही म्हणायचे? हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिला नाही, आणि त्या वर्षाच्या अखेरीस फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा आयोग नेमला गेला. मागणी हे मूळ कारण होतेच, पण आयोग तेव्हाच का नेमला याचे उत्तर श्रीरामुलूंच्या मृत्यूत आहे. आम्ही कारणाच्या रकान्यात मधोमध एक आडवी रेघ मारली. वरच्या भागात मूळ कारण, खालच्या भागात तात्कालिक कारण. पुढच्या प्रत्येक ओळीत ही रेघ उपयोगी पडली, आणि खालचा भाग जेथे रिकामा राहील तेथे अजून वाचायला हवे, हेही तिला आपोआप कळू लागले.

नागपूर करार मात्र बराच वेळ हवेत लटकत राहिला. करार २८ सप्टेंबर १९५३ चा, आंध्र राज्य त्यानंतर तीनच दिवसांनी. तारखा इतक्या जवळ आल्या की मुले लगेच एकातून दुसरे काढतात. पण दोन ओळी तक्त्यात एकाखाली एक आल्या म्हणजे वरची खालचीचे कारण झाली, असे नाही. कराराचे कारण वेगळे होते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, मराठवाडा हैदराबाद राज्यात, आणि मुंबई-पुण्याच्या वर्चस्वाखाली आपली उपेक्षा होईल, ही शंका तेथल्या लोकांना वाटत होती. विकासात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, दरवर्षी विधानसभेचे एक अधिवेशन नागपुरात, ही आश्वासने त्या शंकेला दिलेले उत्तर होते. मग याचा परिणाम काय लिहायचा? सर्व मराठी भाषकांनी एकमुखाने राज्य मागावे, हा करार करणाऱ्यांचा हेतू होता. तो साधला का? आयोगाने तरीही विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले. म्हणजे जवळचा परिणाम जवळजवळ शून्य. दूरचा परिणाम मात्र अजून चालू आहे, दर हिवाळ्यात नागपूरला भरणारे अधिवेशन वर्तमानपत्रांत येते ते याच ओळीमुळे. परिणामाच्या रकान्यात हेतू लिहिण्याची सवय मुलांना फार असते आणि ती वेळीच मोडली पाहिजे. कोणाला काय हवे होते ते कारणात जाते, प्रत्यक्षात काय घडले तेवढेच परिणामात.

१९५५ च्या शरद ऋतूपासून तक्त्याची चाल एकदम बदलते. वरच्या ओळींमध्ये वर्षांचे अंतर होते, आता महिन्यांचे, मग दिवसांचे. आयोगाने अहवाल सप्टेंबरच्या अखेरीस सादर केला आणि ऑक्टोबरमध्ये तो लोकांसमोर आला. गुजराती आणि मराठी भाषकांचे मिळून एक मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य, आणि विदर्भ वेगळा. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस श्रेष्ठींनी त्याऐवजी महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई अशी तीन राज्यांची योजना पुढे आणली. २० नोव्हेंबरला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली, त्यांच्या भाषणांनी लोक संतापले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी विधानसभेवर मोर्चा निघाला आणि फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांनी गोळीबार केला, त्यात १५ जण मृत्युमुखी पडले. या एका ओळीसाठी कारणाच्या रकान्याला दोन भाग पुरेनात. अहवाल एक, तीन राज्यांची योजना दुसरे, चौपाटीची सभा तिसरे. प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा घटनेच्या अधिक जवळचे. भाचीने केवळ चौपाटीची सभा लिहिली होती, कारण ती सगळ्यांत जवळची आणि नाट्यमय होती. मी तिला विचारले की अहवाल वेगळा आला असता तर चौपाटीवर ती सभा झाली असती का? तिने मान हलवली आणि वर दोन ओळी वाढवल्या.

याच ओळीत तिने परिणामाच्या रकान्यात ‘१०६ हुतात्मे’ असे लिहिले होते. ते वाचून मी थोडा वेळ थांबले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी रोज हुतात्मा चौकाजवळ बसमधून उतरत असे. मशाल उंचावलेले ते शेतकरी आणि कामगार पाऊस असो वा ऊन, गर्दीच्या डोक्यावर तसेच उभे असत आणि त्यांच्या पायाशी कोरलेल्या नावांकडे घाईने जाणारी माणसे क्वचितच पाहत. मीही सुरुवातीला पाहत नसे. एकदा बसची वाट पाहताना ती नावे वाचू लागले, तेव्हा ध्यानात आले की ही एका दिवसाची माणसे नव्हेत. १०६ हा आकडा सबंध लढ्याचा आहे, आणि त्यांतले बरेच जण २१ नोव्हेंबरला नव्हे, १९५६ च्या जानेवारीत पडले. १६ जानेवारीला नेहरूंनी नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि नंतरच्या आठवड्यात मुंबईत पुन्हा पुन्हा गोळीबार झाले. सगळा आकडा नोव्हेंबरच्या ओळीत लिहिला तर जानेवारीची ओळ रक्तहीन होते, आणि मग फेब्रुवारीत समिती इतक्या त्वरेने का उभी राहिली, हेही कळेनासे होते. बेरीज करून सांगितलेली संख्या कोणत्याही एका ओळीची नसते, ती तक्त्याच्या तळाशी लिहावी. भाचीने तेथला आकडा खोडरबरने पुसला, १५ लिहिले आणि १०६ खाली नेले. तिला त्या दोन आकड्यांमधला फरक नुसत्या गुणांसाठी नव्हे, माणसांसाठीही कळावा, असे मला फार वाटत होते. कळला असावा, कारण नंतर काही क्षण ती काही बोलली नाही.

चिंतामणराव देशमुखांच्या राजीनाम्याने आणखी एक पेच घातला. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मुंबईच्या प्रश्नावरून जानेवारीतच राजीनामा देऊ केला, तो प्रत्यक्षात मान्य होऊन ते मंत्रिमंडळाबाहेर पडले जुलैमध्ये. ओळ कोणत्या महिन्यात घालायची? आम्ही दोन्ही महिन्यांत घातली, वेगवेगळ्या रकान्यांत. जानेवारीत तो नेहरूंच्या घोषणेचा परिणाम आहे. जुलैत लोकसभेतील त्यांचे निवेदन हे पुढच्या घटनेआधीच्या वातावरणाचा भाग आहे. आयोगाच्या अहवालाचेही तसेच आहे, सादर होण्याची तारीख सरकारसाठी महत्त्वाची, प्रसिद्ध होण्याची लोकांसाठी. लोकांच्या प्रतिक्रियेचे कारण लिहिताना लोकांना कळले तो दिवस घ्यावा. निर्णय आधी झालेला असला तरी तो माहीत नसलेला माणूस त्यावर रस्त्यावर उतरत नाही.

आणि मग तक्त्यातली सर्वांत मोठी कोरी जागा आली.

१ नोव्हेंबर १९५६ ला यशवंतराव चव्हाण द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १ मे १९६० ला तेच महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. या दोन ओळींमध्ये सामान्यतः एकच वाक्य असते, आंदोलनाला यश आले. हे वाक्य मला अपुरे वाटते, कारण ज्या केंद्र सरकारने माणसे मेल्यावरही मुंबई दिली नाही, ते शांत दिसणाऱ्या काळात द्यायला कसे तयार झाले, हे ते सांगत नाही. येथे आम्ही कागदाच्या उजव्या कडेला एक अरुंद पाचवा रकाना जोडला आणि त्याला गुजरात असे नाव दिले. द्वैभाषिक राज्य गुजरातलाही नको होते. १९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेत द्वैभाषिकाची तडजोड ठरत असतानाच अहमदाबादेत विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि त्यातून इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ उभी राहिली. ही ओळ रकान्यात आली की चित्र पालटते. केवळ मराठी माणूस भांडत होता आणि समोर गुजराती हितसंबंध होते, असे नाही. राज्याच्या दोन्ही भागांतली सामान्य माणसे त्याच राज्याला नाकारत होती.

१९५७ च्या निवडणुकीची ओळ यानंतर नीट भरता आली. ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या, म्हणजे सरकार टिकले. केवळ हा आकडा पाहिला तर समिती हरली असे वाटेल. पण समितीने पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला जबर धक्का दिला, आणि सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ यांसारख्या इतर भागांच्या आधारावर. जिथले लोक राज्याच्या प्रश्नावर सर्वाधिक तापलेले होते तिथेच सत्ताधारी पक्षाचे पाय उखडले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले, तेव्हा समितीने वाटेत प्रचंड निदर्शने केली. पंतप्रधानांना लोकांच्या भावना कागदावर नव्हे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसल्या. पुढे १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्षा असताना पक्षात फेरविचार सुरू झाला आणि वर्षअखेर विभाजनाला मान्यता मिळाली. चव्हाणांचे श्रेय किती आणि समितीचे किती, यावर आमच्या घरात अजूनही मोठी माणसे वाद घालतात. तक्ता तो वाद सोडवत नाही. तो एवढेच दाखवतो की मतपेटी, प्रतापगड आणि अहमदाबाद या तिन्ही ओळींचे बाण १९५९ च्या निर्णयाकडे जातात, आणि त्यांतला एखादा काढून टाकला तर तो निर्णय दुबळा दिसू लागतो.

शेवटच्या ओळीचा परिणाम लिहिताना भाची म्हणाली, “महाराष्ट्र झाला, आता परिणाम काय?” तिच्या मते पाठ संपला होता. पण डांग गुजरातेत गेला, बेळगाव, कारवार, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. ज्या गावी १९४६ चा ठराव झाला ते गावच राज्याबाहेर उरले. पुढे १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही, आणि २००४ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळे परीक्षेत विचारले जाणार नाही, म्हणून आम्ही तेथे केवळ ‘सीमाप्रश्न’ एवढेच लिहिले आणि नागपूरच्या अधिवेशनाचा वरून आलेला लांब बाणही तेथेच आणून टेकवला.

तक्ता झाला म्हणजे उजळणी झाली, असे नाही. तो भिंतीवर चिकटवला की दोन दिवसांत डोळ्यांना सरावतो आणि मग वाचल्याचा भास होतो, वाचले जात नाही. म्हणून कागदाची एक पट्टी कापून तिने कारणाचा रकाना झाकायचा आणि घटना व परिणाम पाहून कारण तोंडी सांगायचे, मूळ वेगळे, तात्कालिक वेगळे. दुसऱ्या दिवशी घटनेचा रकाना झाकायचा. दोन्ही बाजू पाहून मधली घटना ओळखता आली तर ती ओळ पक्की झाली. जेथे ती अडखळेल तेथे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा आणि पुढच्या खेपेस केवळ ठिपक्यांच्या ओळी घ्यायच्या. पहिल्या खेपेस तारखांच्या ओळींपाशी ठिपके फार थोडे पडले. बहुतेक सगळे पडले ते १९४९ ते ५३ आणि १९५६ ते ६० या दोन पट्ट्यांत, जेथे तिच्या वहीत पूर्वी काहीच लिहिलेले नव्हते. आता ती संध्याकाळी फोन करून मला त्याच दोन पट्ट्यांतले प्रश्न विचारायला लावते, आणि जेव्हीपी समितीनंतर काय, असे विचारले की मद्रास, डिसेंबर १९५२, असे लगेच उत्तर येते.